गिधाडांच्या विनाशाला हजारांतील मोजकी कलेवरे पुरली

एके काळी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाशात घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात तेथे हाडांचा सांगाडा तेवढा उरे. १९८०च्या दशकापर्यंत भारतात हे दृश्य इतके नित्याचे होते की पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची गणना जगातील सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी वर्गातील पक्ष्यांत होत असे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील या जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे गिधाड यांची एकत्रित घट जवळपास ९७ टक्के होती. कोणत्याही पक्ष्याचा इतक्या वेगाने झालेला ऱ्हास क्वचितच नोंदला गेला असेल.

धोक्याची पहिली घंटा वाजली ती राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८मध्ये तेथे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरट्यांवर मोजल्या होत्या. १९९६-९७मध्ये त्या १५०वर आल्या आणि पुढे काही वर्षांतच घरटी रिकामी झाली. पक्षी माना खाली टाकून दिवसेंदिवस फांदीवर बसून राहत आणि मग झाडाखाली मरून पडत. साहजिकच प्रारंभी संशय विषाणूवर गेला आणि रोगजंतूच्या शोधात काही मोलाची वर्षे गेली.

कोडे उलगडले ते पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात. लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकतज्ज्ञाच्या पथकाने मृत गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा सुमारे ८५ टक्के पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर खडूसारखा पांढरा थर आढळला. हा थर युरिक आम्लाच्या क्षारांचा. मूत्रपिंड निकामी झाले की हे आम्ल रक्तात साठते आणि यकृत, हृदय यांच्यावर त्याचे स्फटिक बसतात. विषाणू, कीटकनाशके, जड धातू यांच्या चाचण्या निष्फळ ठरल्यावर पथकाने वेगळा प्रश्न विचारला: गिधाडे जे खातात त्या जनावरांना कोणती औषधे दिली जातात? उत्तर होते डायक्लोफिनॅक. स्फटिकांचा थर असलेल्या ज्या २५ पक्ष्यांची तपासणी झाली, त्या सर्वांच्या मूत्रपिंडात हे औषध सापडले; ज्या १३ पक्ष्यांत थर नव्हता, त्यांपैकी एकातही ते नव्हते. पुढे औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घालून हा संबंध पडताळण्यात आला आणि जानेवारी २००४मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक हे सांधेदुखीवर माणसांना दिले जाणारेच वेदनाशामक. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आली आणि लंगडणाऱ्या, ताप आलेल्या, कासेला सूज आलेल्या जनावरांना त्याचे इंजेक्शन सर्रास टोचले जाऊ लागले. गाई-म्हशींना त्याने अपाय होत नाही आणि काही दिवसांत ते शरीराबाहेर पडते. अडचण होते ती जनावर त्याआधीच दगावले तर. आणि हे औषध बहुधा दिले जाते ते मरणाच्या दारातल्या जनावरालाच.

तरीही एक शंका उरते. उपचारानंतर लगेच मेलेली जनावरे असून असून किती असणार? याचे गणित केंब्रिजचे संशोधक रीस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये मांडले. दर हजार कलेवरांत एक ते साडेसात कलेवरे घातक असली, तरी प्रत्यक्षात दिसलेली घट घडू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडा अविश्वसनीय वाटतो, पण हिशेब साधा आहे. गिधाड सरासरी तीन दिवसांनी पोटभर जेवते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. हजारांत पाच कलेवरे विषारी धरली, तर प्रत्येक जेवणातून वाचण्याची शक्यता ९९.५ टक्के. परंतु अशी १२० जेवणे निभावून वर्षअखेर जिवंत राहण्याची शक्यता जेमतेम ५५ टक्के उरते. हीच गती दहा वर्षे राहिली, तर हजार पक्ष्यांतील दोन-तीनच शिल्लक राहतात. जन्माने ही तूट भरून निघत नाही, कारण जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यात एका कलेवरावर डझनावारी पक्षी तुटून पडतात. म्हणजे एक इंजेक्शन अख्ख्या थव्याला पुरते. प्रत्यक्षात २००४-०५च्या सुमारास भारतात तपासलेल्या मृत जनावरांच्या यकृताच्या नमुन्यांपैकी सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅकचा अंश सापडला होता.

गिधाडे गेली, पण मेलेली ढोरे येतच राहिली. गोवंशाचे मांस बहुतांश ठिकाणी खाल्ले जात नसल्याने भारतात त्यांची संख्या प्रचंड आहे. चर्मकार कातडे काढून नेत आणि उरलेले गिधाडे फस्त करीत, अशी ही विनामोबदला व्यवस्था होती. तिची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्री सावकाश खातात, मांस कुजत ठेवतात आणि अन्नाचा हा साठा हाती लागल्यावर त्यांची वीणही वाढते. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात कुत्र्यांच्या संख्येत किमान ५५ लाखांची अतिरिक्त वाढ झाल्याचे आणि रेबीजने सुमारे ४७ हजार जादा मृत्यू ओढवल्याचे अनुमान काढले. मुंबईत परिणाम वेगळ्या रूपात उमटला. मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या दोखम्यांत पारशी समाजाची अंत्यविधीची परंपरा गिधाडांवर अवलंबून होती. ती नाहीशी झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी हा धागा आणखी पुढे नेला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना अनुकूल परिस्थिती होती आणि ज्यांत ती नव्हती, त्यांतील मृत्युदर त्यांनी ताडून पाहिले. १९९४पूर्वी दोन्ही गटांतील कल सारखेच होते. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात याचा अर्थ सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास सांगतो. रेबीजच्या लसीची विक्री आणि नद्यांच्या पाण्याचा खालावलेला दर्जा या दोन खुणा त्यांनी कारणांच्या शोधात तपासल्या. अर्थात हा सांख्यिकी अंदाज आहे. कोणता मृत्यू गिधाडांअभावी झाला, हे एकेका व्यक्तीपुरते सांगता येत नाही.

भारताने २००६मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकची निर्मिती थांबविण्याचे पाऊल उचलले आणि २००८मध्ये कायदेशीर बंदी आणली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे पर्यायी वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे प्रयोगांतून दिसले होते. तरी पळवाट उरली होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या औषधांच्या दुकानातून गोठ्यात पोहोचत. म्हणून २०१५मध्ये माणसांसाठीची कुपी तीन मिलीलिटरची, म्हणजे एका मात्रेपुरतीच असावी, असे बंधन घातले गेले. म्हशीला टोचायला अशा अनेक कुप्या फोडाव्या लागतात. गिधाडांना घातक ठरलेले किटोप्रोफेन आणि जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्ये रूपांतरित होणारे ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३मध्ये बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे २००४पासून बंदिस्त प्रजननाचे काम सुरू आहे. तेथेही निसर्गाचा वेग बदलत नाही: जोडीमागे वर्षाला एक अंडे आणि वयात येण्यासाठी पाच वर्षांची प्रतीक्षा.