जळालेल्या महालाचे माप

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचा बहुतांश भाग भस्मसात झाला. त्यात गणपती रंगमहालही गेला. या दिवाणखान्याचे सर्वाधिक परिचित चित्र टॉमस डॅनियलचे, १८०५ मधले. विषय १७९० चा: टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला आहे. मग या चित्रावरून महालाचे माप काढता येईल काय?

असे दालन एकबिंदू यथादर्शनाने रेखाटतात. समोरची भिंत कागदाला समांतर, म्हणून ती आयतच राहते. चित्रकाराच्या डोळ्याच्या उंचीवर क्षितिजरेषा आखायची आणि तिच्यावर लोपबिंदू ठेवायचा. दालनाच्या आत धावणाऱ्या साऱ्या कडा, म्हणजे तुळया, जाजमाच्या बाजू, खांबांचे माथे आणि पायथे, त्या एका बिंदूकडे जातात.

उंची काढणे सोपे आहे. समजा, चित्रकार त्याच जमिनीवर उभा असून त्याचा डोळा ५ फुटांवर आहे. क्षितिजरेषा खांबाला पायथ्यापासून एक तृतीयांशावर छेदत असेल, तर खांब १५ फुटांचा. जवळचा असो वा दूरचा, उत्तर तेच. मात्र तो उभा होता की बसलेला? दरबारी बैठकीवर बसलेले असतात. रेषा त्यांच्या डोळ्यांतून गेली तर चित्रकारही बसलेला. डोक्यांच्या बरीच वर राहिली तर उभा.

खोलीचे कोडे अवघड. सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावरचे खांब कागदावर १२ आणि ८ अंगुळे भरले, तर अंतरांचे प्रमाण २ : ३ असते. म्हणजे पहिला खांब चित्रकारापासून दोन गाळे दूर. तिसरा ६ अंगुळे भरलाच पाहिजे. तो ७ भरला तर तेथे अंदाजाने काम झाले, किंवा खांबच समान अंतरावर नव्हते. परंतु गाळा किती फुटांचा, हे उंचीवरून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर खात्रीचा चौरस हवा. त्याचा कर्ण वाढवून क्षितिजरेषेला भेटवला, की त्या छेदबिंदूचे लोपबिंदूपासूनचे अंतर म्हणजेच कागदापासून डोळ्याचे अंतर. लांबट जाजम चौरस समजले, तर सारा हिशेब फसतो.

खरी अडचण भूमितीपलीकडची आहे. जेम्स वेल्सने माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे पुण्यात प्रत्यक्ष पाहून काढली होती. गंगाराम तांबट त्याच्याच हाताखाली घडला. पण वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने चित्र सिद्ध केले ते इंग्लंडात. तेव्हा रेषा बिनचूक जुळल्या तरी त्यातून डॅनियलची पट्टी सरळ होती, एवढेच सिद्ध होते. चेहऱ्यांमागे वेल्सची नजर आहे, हे धरून चालता येते. दालनाच्या खोलीबाबत तेवढा भरवसा ठेवता येत नाही.