होल्डिंग कंपनी आणि ऑपरेटिंग कंपनी : उद्योगसमूहातील ओळख

उद्योगसमूहातील जी कंपनी स्वतः माल बनवते, सेवा विकते, कर्ज देते किंवा विमा उतरवते ती ऑपरेटिंग कंपनी. जिचा मुख्य उद्योग म्हणजे समूहातील इतर कंपन्यांचे शेअर बाळगणे ती होल्डिंग, म्हणजेच सूत्रधारी कंपनी. व्याख्या इतकी सोपी असली तरी समूहाचा आराखडा वाचताना गोंधळ होतो. तो बहुधा नावांमुळे होतो आणि कधी कधी कायद्यातील टक्केवारीमुळे. पुण्याच्या बजाज समूहात हे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी सापडतात.

आजची बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट ही 1945 मध्ये स्थापन झालेली जुनी कंपनी. स्कूटरच्या प्रतीक्षायाद्यांच्या काळात ‘बजाज ऑटो’ म्हणून ओळखली जाई ती हीच. 2008 मध्ये न्यायालयाच्या मंजुरीने तिचे विभाजन अमलात आले. वाहनांचा व्यवसाय 2007 मध्ये उभारलेल्या नव्या कंपनीकडे गेला, तर वित्त, विमा आणि पवनऊर्जा बजाज फिनसर्व्हकडे. वाहने ज्या नव्या कंपनीकडे गेली तिचे तेव्हाचे नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट असे होते. विभाजनानंतर दोघींनी नावांची अदलाबदल केली. जुनी बजाज ऑटो ‘होल्डिंग्ज’ झाली आणि कागदोपत्री ‘होल्डिंग्ज’ म्हणून जन्मलेली कंपनी मोटरसायकली बनवू लागली.

या अदलाबदलीची खूण नोंदणी क्रमांकात राहिली. बजाज ऑटोचा क्रमांक `L65993PN2007PLC130076` असा आहे. पहिल्या अक्षरावरून कंपनी शेअरबाजारात नोंदलेली असल्याचे कळते, त्यापुढचे पाच अंक उद्योगाचा वर्ग दाखवतात आणि `2007` हे स्थापनेचे वर्ष. 65 ने सुरू होणारा वर्ग वित्तव्यवसायाचा! म्हणजे देशातील एका मोठ्या दुचाकी उत्पादकाची ओळख क्रमांकावरून पटवू पाहणारा माणूस तिला गुंतवणूक कंपनी समजेल. नाव आणि क्रमांक यांवरून कंपनीचा इतिहास कळतो. तिचा आजचा धंदा कळण्यासाठी हिशेबच उघडावे लागतात.

हिशेबातील खुणा : वार्षिक अहवालात कंपनीचे स्वतंत्र आणि एकत्रित असे दोन ताळेबंद असतात. ओळख पटवण्यासाठी आधी स्वतंत्र ताळेबंद पाहावा. एकत्रित हिशेबात उपकंपन्यांचे कारखाने, कर्जे आणि विक्री मिसळलेली असल्याने काहीच हातात नसलेली कंपनीही अवाढव्य दिसते. बजाज फिनसर्व्हचे 2023-24 चे एकत्रित उत्पन्न एक लाख कोटी रुपयांच्या वर गेले. तिचे स्वतंत्र उत्पन्न त्याच्या पाच टक्केही नव्हते.

स्वतंत्र ताळेबंदात मालमत्तेची बाजू पाहावी. यंत्रे, कच्चा माल, तयार माल आणि ग्राहकांकडील येणे यांनी ती भरली असेल तर कंपनी ऑपरेटिंग. बँक वा वित्तकंपनीच्या बाबतीत ही जागा ग्राहकांना दिलेली कर्जे घेतात. ‘उपकंपन्या व सहयोगी कंपन्यांतील गुंतवणूक’ ही एकच ओळ बाकी सगळ्यांवर मात करत असेल तर कंपनी होल्डिंग. उत्पन्नाच्या बाजूनेही ताडून पाहता येते. होल्डिंग कंपनीत लाभांश, व्याज आणि गुंतवणूक विकून झालेला नफा दिसतो, मालाची विक्री दिसत नाही. एक पथ्य पाळावे : अहवालात ‘व्यवसायातून मिळालेला महसूल’ एवढे शीर्षक वाचून थांबू नये. गुंतवणूक हाच व्यवसाय असलेल्या कंपनीचा लाभांशही त्याच शीर्षकाखाली येतो. त्याचा तपशील टिपणांत असतो.

कायद्याची रेषा : कंपनी कायदा 2013 प्रमाणे संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असेल किंवा निम्म्याहून अधिक मतदानशक्ती हाती असेल, तरच एक कंपनी दुसरीची होल्डिंग कंपनी ठरते. बजाज होल्डिंग्जकडे बजाज ऑटोचे एक तृतीयांशाहून थोडे अधिक आणि फिनसर्व्हचे सुमारे 39 टक्के शेअर आहेत. त्यामुळे नावात ‘होल्डिंग्ज’ असूनही हिशेबात या दोन्ही तिच्या उपकंपन्या नव्हेत, सहयोगी कंपन्या आहेत. याचा परिणाम थेट आकड्यांवर होतो. बजाज ऑटोच्या विक्रीतला एक रुपयाही बजाज होल्डिंग्जच्या एकत्रित महसुलात येत नाही. ऑटोने 100 रुपये नफा कमावला तर त्यातील सुमारे 35 रुपये ‘सहयोगी कंपन्यांच्या नफ्यातील वाटा’ अशा एका ओळीत येतात. हा वाटा म्हणजे रोकड नव्हे. ऑटोने नफ्यातून 60 रुपये लाभांश वाटला तर प्रत्यक्ष हातात पडतात सुमारे 21 रुपये. एकत्रित नफा पाहून होल्डिंग कंपनी किती लाभांश देऊ शकेल याचा अंदाज बांधणारे येथेच फसतात.

फिनसर्व्हचे चित्र वेगळे आहे. बजाज फायनान्समध्ये तिचा हिस्सा निम्म्याहून अधिक असल्याने फायनान्सचा सगळा महसूल तिच्या एकत्रित हिशेबात जमा होतो आणि बाहेरच्या भागधारकांचा वाटा नफ्यातून वेगळा दाखवला जातो. म्हणजे बजाज होल्डिंग्जखाली फिनसर्व्ह ही स्वतःच एक होल्डिंग कंपनी आहे. सातारा जिल्ह्यातील पवनचक्क्या विभाजनात तिच्याकडे आल्या, म्हणून तिला थोडे उत्पादनाचे अंगही होते. आकाराने ते नगण्य होते.

साताऱ्याची महाराष्ट्र स्कूटर्स याहून फसवी. राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत 1975 मध्ये ही कंपनी निघाली. महामंडळाचा 27 टक्के हिस्सा प्रदीर्घ वादानंतर 2019 मध्ये बजाज होल्डिंग्जकडे आला आणि तिचा एकूण हिस्सा 51 टक्के झाला. नावात स्कूटर आहे, पण स्कूटरचे उत्पादन केव्हाच थांबले. कारखान्यात डाय, जिग यांसारखी साधने बनत राहिली. तरीही तिची खरी संपत्ती आहे ती बजाज समूहातील कंपन्यांच्या शेअरांत, आणि त्यांत तिच्या मालकिणीचे, म्हणजे बजाज होल्डिंग्जचेही काही शेअर आहेत.

रिझर्व्ह बँकेची कसोटी : निव्वळ मालमत्तेपैकी किमान 90 टक्के समूहातील कंपन्यांत गुंतलेली आणि किमान 60 टक्के त्यांच्या इक्विटी शेअरांत असेल तर कंपनी ‘कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी’ ठरते. फिनसर्व्ह आणि महाराष्ट्र स्कूटर्स या वर्गात येतात. बजाज होल्डिंग्जची समूहाबाहेरही मोठी गुंतवणूक असल्याने ती वित्तकंपनी म्हणून नोंदलेली आहे.

टाटा सन्स : एकच कंपनी दोन्ही प्रकारांत मोडू शकते. टीसीएस 2004 पर्यंत टाटा सन्सचा एक विभाग होती. तोवर टाटा सन्स होल्डिंगही होती आणि ऑपरेटिंगही.

थर : होल्डिंग कंपनीखाली होल्डिंग कंपनी असे थर चढले की समूहाचे कर्ज नजरेआड होते. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली तेव्हा सुमारे 91,000 कोटींचे कर्ज शेकडो कंपन्यांत विखुरलेले निघाले. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने एका समूहात कोअर इन्व्हेस्टमेंट कंपन्यांचे थर दोनापुरते मर्यादित केले.

बाजारभाव : होल्डिंग कंपनीचा शेअर तिच्याकडील गुंतवणुकीच्या किमतीपेक्षा बराच स्वस्त मिळतो. ही सूट किती रास्त, यावर जाणकारांत एकमत नाही. टोकाचे उदाहरण मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचे. एशियन पेंट्सचे शेअर हीच तिची मुख्य मालमत्ता. भाव 3.53 रुपयांवर अडकून होता आणि त्या भावाला कोणी विकत नव्हते. सेबीने अशा कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय केली आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी एका शेअरचा भाव 2,36,250 रुपयांवर बंद झाला.