कागद झाला, ताबा झाला का? सामाईक घरातील हिस्सा आणि ‘मुशा’चा इतिहास

१/
हडपसरच्या जुन्या गावठाणातील एक चार खोल्यांचे घर डोळ्यांसमोर आणा. घरमालक वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. घराची वाटणी झालेली नाही आणि सगळे एकाच दारातून ये-जा करतात. अशा घरातील आपला हिस्सा एखाद्या वारसाला दुसऱ्यास बक्षीस द्यायचा असेल, तर मुस्लिम कायदा कोणती अट घालतो? या धाग्यात त्या अटीचा इतिहास पाहू. घर उदाहरणापुरते कल्पिलेले आहे, कायदा मात्र खरा आहे.

२/
आधी हिस्से ठरवू. सुन्नी हनफी वारसा-नियमानुसार, मुले असताना पत्नीला एक-अष्टमांश मिळतो. उरलेले मुलामुलींत दोनास एक या प्रमाणात वाटले जाते. घराचे ४० भाग केले, तर आईला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ येतात. हे आकडे हक्काचे आहेत, भिंतींचे नव्हेत. आईचे ५ भाग कोणत्या खोलीत आहेत, हे कोणालाच दाखवता येत नाही. अशा अविभक्त हिश्शाला फिक्हच्या परिभाषेत ‘मुशा’ म्हणतात.

३/
मुस्लिम कायद्यातील बक्षीस म्हणजे ‘हिबा’. त्याची अंगे तीन: देणाऱ्याने देत असल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. तिसरे अंग सर्वांत निर्णायक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने स्थावराच्या बक्षिसाला नोंदणीकृत दस्त आवश्यक केला, परंतु कलम १२९ ने मुस्लिम कायद्याचा नियम अबाधित ठेवला. म्हणून तोंडी हिबाही वैध ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात हेच स्पष्ट केले. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: दस्त नोंदवला, पण ताबा दिलाच नाही, तर नोंदणीने ती उणीव भरून निघत नाही.

४/
मग ज्याची जागाच ठरलेली नाही, त्याचा ताबा द्यायचा कसा? बाराव्या शतकातील मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाने हा प्रश्न सविस्तर हाताळला आहे. चार्ल्स हॅमिल्टनने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कंपनीच्या न्यायालयांत तो आधारग्रंथ बनला. त्यातील युक्तिवाद दुहेरी आहे. हिब्याला पूर्ण ताबा लागतो आणि मिसळलेल्या हिश्शावर तो पूर्ण होत नाही. शिवाय तसे बक्षीस वैध मानले, तर देणाऱ्याने कधीच न स्वीकारलेले वाटणीचे ओझे त्याच्यावर येते.

५/
या युक्तिवादातूनच नियमाची मर्यादा ठरते. सामाईक जिना किंवा लहानसे स्नानगृह यांची वाटणी केली तर वस्तू निरुपयोगी होते. तिथे अविभक्त हिश्शाचे बक्षीस चालते. पण वाटणीयोग्य मालमत्तेत, म्हणजे आपल्या चार खोल्यांच्या घरात, ते ‘फासिद’ ठरते. फासिद म्हणजे सदोष. ‘बातिल’ म्हणजे मुळातच शून्य. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोष दुरुस्त होऊ शकतो. नंतर वाटणी करून ठरलेला भाग प्रत्यक्ष हाती दिला, की बक्षीस पूर्ण होते.

६/
महाराष्ट्रात इथे एक लक्षणीय फाटा फुटतो. देशावरील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी आहेत, तर कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई. शाफई मतानुसार वाटणीयोग्य मालमत्तेतील अविभक्त हिश्शाचेही बक्षीस वैध असते. मात्र देणाऱ्याने आपला अधिकार सोडून घेणाऱ्याला त्या हिश्शावर वहिवाट करू दिली पाहिजे. म्हणजे तेच घर, तोच कागद; पण हडपसरच्या हनफी कुटुंबात आणि रत्नागिरीच्या शाफई कुटुंबात प्रश्नाचे उत्तर वेगळे निघू शकते.

७/
एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे हा नियम आला आणि आकुंचन पावला. १८८८ च्या महमद बक्ष खान विरुद्ध होसेनी बीबी या निवाड्यातून एक अपवाद पक्का झाला: सहवारसाने सहवारसाला अविभक्त हिस्सा देता येतो. १८८९ मध्ये मुमताज अहमद विरुद्ध जुबैदा जान प्रकरणात हा सिद्धांत प्रगतिशील समाजाला साजेसा नसून अत्यंत काटेकोर मर्यादेतच लागू करावा, असे मत नोंदले गेले. सदोष बक्षिसाखालीही ताबा दिला-घेतला गेला असेल, तर मालकी जाते, हेही तिथे मान्य झाले. १९०७ मध्ये रंगूनच्या एका दाव्यात मोठ्या व्यापारी शहरातील पूर्ण मालकीच्या मिळकतीलाही सूट मिळाली.

८/
आता आपल्या घरात परत येऊ. आई आपले ५ भाग मुलीला देते. दोघी सहवारस असल्याने वाटणीअभावी हे बक्षीस अडत नाही. मुलीचे ७ अधिक ५ असे १२ भाग होतात. परंतु अपवाद वाटणीच्या अटीपुरता आहे, ताब्याच्या अटीपुरता नाही. आई त्याच घरात राहणार असेल, तर ताबा दिला हे दिसणार कसे?

९/
याचे उत्तर १८८४ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या शेख इभ्राम विरुद्ध शेख सुलेमान या निवाड्यात मिळते. तो न्यायमूर्ती वेस्ट यांचा. ब्यूलरसह हिंदू कायद्याचा संग्रह करणारे रेमंड वेस्ट ते हेच. देणारा आणि घेणारा दोघेही वास्तूत हजर असतील, तर देणाऱ्याने बाहेर पडून पुन्हा आत येण्याचा विधी करण्याची गरज नाही. ताबा सोडण्याचा हेतू निःसंदिग्धपणे प्रकट झाला पाहिजे. म्हणून आईला घर सोडावे लागत नाही. मात्र त्या दिवसापासून तिच्या हिश्शाचा कारभार मुलीकडे गेलेला दिसला पाहिजे. एखादी खोली भाड्याने असेल, तर आईच्या वाट्याचे भाडे मुलीला देण्यास भाडेकरूला सांगणे हाही ताबाच.

१०/
थोरला मुलगा आपले १४ भाग भाच्याला देतो, तेव्हा प्रकरण अवघड होते. स्वतःची मुले असलेल्या त्या कुटुंबात भाचा वारस नाही आणि घर वाटणीयोग्य आहे. थोरल्याने कागदावर ‘ताबा दिला’ असे लिहिले, पण भाडे आणि किल्ली स्वतःकडेच ठेवली व काही महिन्यांत तो वारला, तर त्याची पत्नी व मुले म्हणतील की बक्षीस पूर्णच झाले नाही. ते १४ भाग आमच्याकडे आले. न्यायालय तेव्हा कागदातील वाक्यावर थांबत नाही. भाडे कोणी घेतले, घरपट्टी कोणी भरली, मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे चढले, हे पाहते. यांपैकी नोंदी केवळ पुरावा असतात. त्या ताब्याची जागा घेत नाहीत.

११/
भाच्याच्या बाजूनेही एक युक्तिवाद उरतो आणि तो इतिहासाने घडवला आहे. १९०७ मध्ये ‘मोठ्या व्यापारी शहरा’चा अपवाद सांगितला गेला, तेव्हा हडपसर हे पुण्याबाहेर सोलापूर रस्त्यावरचे गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. घर तेच राहिले, शहर त्याच्यापर्यंत चालत आले. तो अपवाद मान्य झाला, तर वाटणीची अट गळून पडते. ताब्याचा प्रश्न मात्र तरीही उभाच राहतो, आणि किल्ली व भाडे मामाकडेच राहिले असल्याने भाचा बहुधा तिथेच हरेल. वाटणी करून दोन खोल्या मामाच्या हयातीत त्याच्या हाती दिल्या असत्या, तर अपवादाची गरजच पडली नसती.