गारपीट नुकसानदावा (आंबा)

फळपीक विम्यातील बागायतदाराने स्वतः करावयाचा दावा. मालवण तालुक्यातील कट्ट्यासारख्या गावात हापूसचा विमा हवामानावर आधारित योजनेत उतरवला जातो. अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान आणि वेगाचा वारा या जोखमींची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. गारपीट मात्र याला अपवाद. तिचे संरक्षण ऐच्छिक, हप्ता वेगळा आणि पंचनामा बागनिहाय. हा फरक माहीत नसल्याने ‘केंद्रात नोंद झालीच असेल’ म्हणून बागायतदार गप्प बसतो आणि दावा हुकतो.

मूळ कारण साधे आहे. स्वयंचलित केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजते. गार मोजत नाही. शिवाय गारांचा पट्टा अरुंद असतो, एक वाडी झोडपली जाते आणि शेजारची कोरडी राहते. म्हणून हवामान अहवालातून वादळाची वेळ, पावसाचा जोर आणि उतरलेले तापमान एवढेच सिद्ध होते. गार पडल्याचा पुरावा बागेतूनच यावा लागतो.

घटनेपासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते. गारा वितळायच्या आत त्यांच्याशेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. मग कलमाखालचा फळांचा सडा, फाटलेली पाने आणि फांदीवरच्या फळाचा डाग जवळून टिपावा. छायाचित्रात तारीख, वेळ व ठिकाण उमटलेले हवे. सातबाऱ्यावर आंब्याची नोंद हवी, हे सांगायलाच नको.

फळाची अवस्था लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. वाटाण्याएवढी फळे एरवीही गळतात, त्यामुळे त्या वेळचा सडा सगळाच गारांच्या माथी मारता येत नाही. कोय धरलेल्या फळाला बसलेला मार वेगळा दिसतो: साल फुटून चीक ओघळतो, मग डाग काळा पडतो आणि तिथूनच करपा शिरतो. चौदा आणे तयार झालेले असे फळ पेटीत भरता येत नाही. फार तर कॅनिंगला जाते.

उदाहरण म्हणून ४० कलमांची, ०.४० हेक्टरची बाग घेऊ. २०२१ ते २०२४ च्या हंगामांत आंब्याला हेक्टरी १,४०,००० रुपये आणि गारपिटीसाठी ४६,६६७ रुपये विमा संरक्षित रक्कम होती. नुकसान ४५ टक्के ठरले, तर प्रमाणानुसार सुमारे ८,४०० रुपये हाती येतात. हापूसच्या भावापुढे ही रक्कम तोकडीच.

सरकारी आपत्ती मदत यापासून वेगळी. तिला किमान ३३ टक्के नुकसान आणि तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवकांचा पंचनामा लागतो. पंचनामा कोणताही असो, पहिल्या दिवशी हिरवे दिसणारे मार बसलेले फळ पुढच्या काही दिवसांत काळवंडते किंवा गळते. त्यामुळे बागायतदाराने पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे आणि त्याच कलमांची छायाचित्रे पुन्हा काढून दाव्याला जोडावीत.