स्थिर लवचिकतेच्या मागणीतील कूर्नो द्वयाधिकार

कूर्नो द्वयाधिकार म्हणजे एकाच प्रकारची वस्तू विकणाऱ्या दोन उत्पादनसंस्थांची अशी बाजारपेठ, जिच्यात प्रत्येक संस्था दुसरीचे उत्पादन कायम राहील असे मानून आपले उत्पादन ठरवते. फ्रेंच गणिती आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ साली खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या उदाहरणावरून हे प्रतिमान मांडले. प्रस्तुत लेखात मागणीची लवचिकता ε सर्व किमतींना सारखी आणि प्रत्येक संस्थेचा सीमांत खर्च स्थिर (c₁, c₂) मानला आहे.

== पहिल्या क्रमाची अट ==

मागणी Q = A·P^(−ε) असून Q = q₁ + q₂. पहिल्या संस्थेचा नफा (P − c₁)q₁ होय. त्याचे q₁ च्या सापेक्ष विकलन करून ते शून्याबरोबर मांडल्यास, s₁ = q₁/Q हा बाजारातील वाटा धरून, पुढील अट मिळते:

P(1 − s₁/ε) = c₁

दुसऱ्या संस्थेची अटही अशीच असते. दोन्ही वाट्यांची बेरीज १ असल्याने अटींची बेरीज करताच वाटे निघून जातात व किंमत थेट हाती येते:

P = (c₁ + c₂) / (2 − 1/ε)

त्यासाठी ε > १/२ असणे आवश्यक आहे. मक्तेदाराला मात्र ε > १ लागते. एरवी उत्पादन घटवत नेणेच त्याच्या फायद्याचे ठरते.

== उदाहरण ==

ε = १, A = ३६००, c₁ = १० रुपये व c₂ = २० रुपये घेऊ. तेव्हा P = ३० रुपये आणि Q = १२० नग. अटींवरून वाटे २/३ व १/३ येतात. म्हणजे उत्पादन ८० व ४० नग, तर नफा १६०० व ४०० रुपये. महाग उत्पादन करणारी संस्थाही बाजारात टिकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून अनेकदा निसटते. ε > १ असल्यास मात्र c₂ हा पहिल्या संस्थेच्या मक्तेदारी किमतीइतका, म्हणजे c₁ε/(ε − १) इतका होताच दुसरी संस्था बाहेर पडते.

== कराचा भार ==

आता प्रत्येक नगावर १ रुपया कर बसला असे समजू. सीमांत खर्च ११ व २१ रुपये होतात आणि किंमत ३२ रुपयांवर जाते. कर एक रुपयाचा, पण ग्राहकाला दोन रुपये जास्त मोजावे लागतात. सूत्रात ही वाढ २ε/(२ε − १) पट असून ती नेहमीच एकाहून अधिक असते. मागणी सरळ रेषेत असती, तर किंमत फक्त २/३ रुपयाने वाढली असती. त्यामुळे कराचा भार कोणावर पडतो याचे उत्तर संस्थांच्या संख्येइतकेच मागणीवक्राच्या आकारावर अवलंबून असते.

== मर्यादा ==

खुद्द कूर्नो यांच्या झऱ्यांना हे सूत्र लावता येत नाही. तेथे उत्पादनखर्च शून्य होता; c₁ = c₂ = ० ठेवल्यास P = ० येते, आणि शून्य किमतीला या मागणीचे परिमाण अनंत होते. दुसऱ्या क्रमाची अट वेगळी तपासावी लागत नाही. खर्च धन असल्यास पहिल्या अटीवरून s₁ < ε असते आणि तेवढ्याने ती पूर्ण होते.