क्लोजिंग लाइन व्हॅल्यू

क्लोजिंग लाइन व्हॅल्यू म्हणजे पैज लावताना मिळालेला भाव हा सामना सुरू होण्याच्या क्षणी असलेल्या अंतिम भावापेक्षा किती सरस किंवा निकस होता, याचे मोजमाप होय. पैज लावणाऱ्याचे यश कौशल्याचे की नशिबाचे, हे पारखण्यासाठी ते वापरले जाते. एकाच निकालासाठी निरनिराळे बुकमेकर निरनिराळे भाव देतात. त्यांतील सर्वांत चढा भाव शोधून पैज लावण्यास लाइन शॉपिंग म्हणतात.

गणन

समजा, इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या एका सामन्यात तीन किंवा अधिक गोल होतील, या निकालासाठी सकाळी एक बुकमेकर १.९१ आणि दुसरा २.०५ भाव देत आहे. २.०५ भावाने १०० पौंड लावून जिंकल्यास मूळ रकमेसह २०५ पौंड मिळतात. सामना सुरू होताना कमी मार्जिनच्या मोठ्या बाजारात हाच भाव १.९० आणि विरुद्ध निकालाचा भाव २.०० आहे.

या भावांच्या व्यस्त संख्या ५२.६ टक्के आणि ५० टक्के येतात. त्यांची बेरीज १०२.६ होते, शंभरावरचा भाग हे बुकमेकरचे मार्जिन असते. ते प्रमाणशीर वजा केल्यास पहिल्या निकालाची शक्यता ५१.३ टक्के, म्हणजेच रास्त भाव १.९५ ठरतो. त्यामुळे २.०५ भावाने लावलेल्या १०० पौंडांवर सरासरी सुमारे ५ पौंडांचा फायदा अपेक्षित धरता येतो, तर १.९१ भावाने सुमारे २ पौंडांचा तोटा. दोघांचे भाकीत तेच, फरक केवळ भावाचा आहे. मार्जिन वजा न करता १.९१ ची तुलना थेट १.९० शी केली, तर तोट्याची पैजही फायद्याची भासते. नवख्यांच्या हिशेबात ही चूक वारंवार आढळते.

कसोटी म्हणून उपयोग

जिंकलेल्या रकमेवरून कौशल्य ओळखण्यास फार काळ लागतो. दोनच्या आसपासच्या भावाने प्रत्येकी १ पौंडाच्या १०० पैजा लावणाऱ्यास ३ टक्के वरचढपणा असला, तरी अपेक्षित नफा ३ पौंड आणि प्रमाण विचलन सुमारे १० पौंड असते. अंतिम भावाशी केलेल्या तुलनेत सामन्याच्या निकालाचा वाटा नसल्याने चढउतार बरेच कमी असतात, आणि काहीशे पैजांतही कल दिसू लागतो.

मर्यादा

खूप रक्कम उतरलेल्या बाजाराचा अंतिम भाव विश्वसनीय मानला जातो, कारण संघनिवड, दुखापती आणि जाणकारांच्या पैजा त्यात सामावलेल्या असतात. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये तसे नसते. तेथे स्वतःच्या मोठ्या पैजेनेही भाव हलतो आणि आकडा आपोआप अनुकूल दिसतो. ज्या बुकमेकरकडे पैज लावली, त्याच्याच अंतिम भावाशी तुलना करणेही फसवे ठरते, कारण भाव बदलण्यात तो बाजाराच्या मागे असू शकतो. शिवाय लाइन शॉपिंगमधून मिळालेला फायदा खरा असला, तरी तो सामन्याविषयीच्या जाणकारीचा पुरावा नसतो. असा फायदा सातत्याने घेणाऱ्या ग्राहकाच्या पैजेची कमाल रक्कम अनेक बुकमेकर घटवतात.