बेटकुळीवर लक्ष, की वजनावर?

व्यायामशाळेत बायसेप कर्ल करणाऱ्याला दोन परस्परविरोधी सूचना ऐकू येतात. एक प्रशिक्षक म्हणतो, 'वजन वर घे'. दुसरा म्हणतो, 'दंड आवळ, सगळे लक्ष स्नायूवर ठेव'. शरीरसौष्ठवपटूंचा कल पूर्वीपासून दुसऱ्या सूचनेकडे आहे. आपले दंड डोंगराएवढे होत आहेत अशी कल्पना आपण करीत असू, असे अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सांगितले आहे. मात्र अशा मनोव्यापाराने स्नायूची जाडी खरोखरच वाढते काय, याची दीर्घ मुदतीची पडताळणी बराच काळ झालेली नव्हती.

ती २०१८ साली झाली. न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजमधील ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाच्या व्यायामाची सवय नसलेल्या ३० महाविद्यालयीन तरुणांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, उभे राहून बारबेल कर्ल आणि यंत्रावर लेग एक्स्टेन्शन हे दोनच व्यायाम केले. प्रत्येकाचे चार सेट आणि दर सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने असा नेम होता. फरक केवळ सूचनेचा होता. एका गटाला दर आवर्तनाला 'स्नायू आवळा' असे सांगितले जाई, तर दुसऱ्याला 'वजन वर न्या'.

अखेरीस अल्ट्रासाउंडने जाडी मोजली असता, स्नायूवर लक्ष देणाऱ्यांच्या दंडाच्या पुढील भागात सरासरी १२.४ टक्के, तर वजनावर लक्ष देणाऱ्यांच्यात ६.९ टक्के वाढ आढळली. टक्केवारी डोळे दिपवणारी असली तरी तिचे माप पाहावे. समजा, आरंभी ही जाडी ४० मिलिमीटर होती, तर एकाची वाढ सुमारे पाच आणि दुसऱ्याची पावणेतीन मिलिमीटर झाली. म्हणजे अंतर दोन मिलिमीटरच्या आसपास. शर्टाच्या बाहीला ते क्वचितच कळेल. शिवाय मोजली गेली ती कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची एकत्रित जाडी. तिच्यात बायसेप्सबरोबर त्याच्याखाली दडलेला ब्रेकिआलिसही येतो.

अधिक उद्बोधक भाग पुढे आहे. त्याच तरुणांच्या मांड्यांमध्ये मात्र दोन्ही गटांची वाढ जवळपास सारखीच निघाली. संशोधकांचा तर्क असा की, हात रोज बारीकसारीक कामे करतात, म्हणून त्यांच्या स्नायूंवर मनाचा ताबा अधिक चालतो. मांडी एवढी आज्ञाधारक नसते. हा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे.

मग लक्ष दिल्याने घडते काय? बाहेरच्या वस्तूवर लक्ष असले की शरीर तेच काम कमी विद्युत्क्रियेत, म्हणजे काटकसरीने उरकते, असे कर्लवरील अनेक प्रयोगांत दिसले आहे. वजन उचलण्याच्या स्पर्धेत ही काटकसर गुणच ठरते. परंतु दंड वाढवायचा असेल तर स्नायूला श्रम पडले पाहिजेत, तिथे काटकसर आडवी येते. मात्र विद्युत्क्रिया वाढली म्हणजे स्नायू तेवढ्याच प्रमाणात वाढतो, असे मानणे घाईचे होईल.

वजनाचीही मर्यादा आहे. बेंच प्रेसवरील २०१६ सालच्या एका प्रयोगात, एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत लक्ष वळवून छातीच्या स्नायूची क्रिया वाढवता आली. ऐंशी टक्क्यांवर तो परिणाम मावळला. भार जड झाला की शरीर मिळेल तो स्नायू कामाला लावते, तेथे मनाचे फारसे चालत नाही.

व्यवहारात हे असे दिसते. बारा किलोच्या डंबेलने दहा कर्ल करणारा गृहस्थ शेवटच्या तीन कर्लना कंबर मागे झुकवतो, कोपर पुढे सरकवतो आणि खांद्याने वजन वर ढकलतो. 'दंडावर लक्ष दे' असे त्याला कितीही सांगितले तरी काम कंबर आणि खांदाच वाटून घेतात. त्याने दहा किलो घ्यावे, कोपर बरगडीशी ठेवावे, तळवा आभाळाकडे वळवत दोन सेकंदांत वर न्यावे आणि तेवढ्याच सावकाश खाली आणावे. मोकळा हात दंडावर ठेवला तर बेटकुळी घट्ट होताना बोटांना जाणवते. सेट संपल्यावर ताण दंडाऐवजी खांद्यात किंवा मनगटात जाणवला तर वजन अजून जास्त आहे. उलट दहा किलोने पंधरा-सोळा आवर्तने सहज होऊ लागली तर ते वाढवावे. केवळ एकाग्रतेसाठी वजन फार हलके ठेवून सेट अर्ध्यावर सोडला तर लाभ हातचा जातो.

प्रयोगातील तरुण नवखे होते आणि मुदत आठ आठवड्यांचीच होती. दहा वर्षे कर्ल करणाऱ्याच्या दंडाला हाच हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही.